वडील मृत्युपत्र न करता गेले, तर जमिनीत कोणाचा किती वाटा: वारस नोंदीपासून वाटणीपर्यंत

वडिलांचे दिवस-कार्य उरकले की चौदाव्या-पंधराव्या दिवशी घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: "आता सातबाऱ्यावर नावं लावून घ्यायला हवीत." इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. कोणाची नावे आणि किती वाट्याने, हा प्रश्न निघाला की आवाज चढतात. तालुक्याच्या कोर्टात वाटणीचे दावे चालवताना मला दिसते की बहुतेक भांडणांचे मूळ लोभात नसते. हिशेब कसा करायचा हेच कोणाला ठाऊक नसते, आणि गावातल्या जाणत्याने सांगितलेला हिशेब बऱ्याचदा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीचा असतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या शेतजमिनीबद्दल आहे आणि ज्यांना हिंदू वारसा कायदा लागू होतो त्यांच्यासाठी आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, अनुसूचित जमातींना हा कायदा सरसकट लागू नाही, आणि गोव्यात तर वारशाची पद्धतच निराळी आहे. त्यांनी इथले अपूर्णांक आपल्या घराला लावू नयेत.

आधी ठरवा: जमीन खरोखर वडिलोपार्जित आहे का?

बोलताना आपण वडिलांकडून आलेल्या प्रत्येक गोष्टीला वडिलोपार्जित म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. ज्या जमिनीत मुलांना जन्मतःच हक्क मिळतो, ती एकत्र कुटुंबाची सहदायकी मिळकत. पणजोबांकडून आजोबांकडे आणि तिथून वडिलांकडे कुटुंबाची म्हणून उतरत आलेली जमीन यात येते. कुटुंबाच्या वाटणीत वडिलांच्या वाट्याला आलेली जमीनही त्यांच्या मुलांच्या दृष्टीने अशीच राहते.

आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन मात्र वेगळी. ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले आणि वडिलांना त्यात वारस म्हणून वाटा मिळाला, तर तो वाटा वडिलांच्या हातात त्यांचा स्वतःचा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ साली चंदर सेन प्रकरणात स्पष्ट केले, तरी आजही "आजोबांची आहे म्हणजे वडिलोपार्जितच" असे ठासून सांगणारे भेटतात. वडील हयात असताना अशा जमिनीत मुलाला वाटणी मागता येत नाही, आणि वडील ती कोणालाही मृत्युपत्राने देऊ शकतात. आजोबांनी वडिलांना बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने दिलेली जमीनही साधारणपणे वडिलांची स्वतंत्र मिळकतच धरली जाते, दस्तात वेगळा हेतू लिहिलेला नसेल तर.

हे ओळखायचे कसे? आजच्या सातबाऱ्यावरून कळत नाही. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो, तो धरून मागे मागे जायचे. प्रत्येक फेरफारात जमीन आधीच्या माणसाकडून पुढच्याकडे कशी गेली ते लिहिलेले असते: खरेदीने, वारसाने, वाटणीने की कुळ म्हणून. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेचा अर्ज करून मिळतात. १९५० च्या आसपासपर्यंतची साखळी हातात आली की अर्धे काम झाले. साखळीत एखादे खरेदीखत निघाले तर ते कोणाच्या नावे आणि कोणत्या वर्षी झाले ते टिपून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे आजोबांकडची जमीन वडिलोपार्जित होती आणि ते १९५६ नंतर वारले. तिथे वडिलांच्या हातात काही भाग सहदायकी म्हणून आणि काही वारशाने आलेला असू शकतो. अशा वेळी अंदाजाने वाटे न मांडता कागद वकिलापुढे ठेवावेत.

एक घर, २०० गुंठे

आता एक सरळ उदाहरण घेऊ. पाच एकर, म्हणजे २०० गुंठे जिरायत जमीन. पणजोबांकडून आजोबांकडे आली, आजोबा १९५२ साली वारले, वडील एकुलते एक. वडील २०२२ साली मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, थोरला, धाकटा आणि एक बहीण. बहिणीचे लग्न १९८८ साली झालेले.

ही जमीन सहदायकी आहे, म्हणून हिशेब दोन पायऱ्यांत होतो. पहिली पायरी काल्पनिक वाटणीची. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणाआधी घरात वाटणी झाली असती तर वडिलांना किती मिळाले असते, हे आधी काढायचे. दुसऱ्या पायरीत वडिलांचा तेवढाच वाटा त्यांच्या वारसांत विभागायचा. संपूर्ण जमीन वडिलांची मानून सुरुवात करायची नाही, कारण मुलांचा हक्क जन्मापासूनच त्यात होता.

पहिल्या पायरीत सहदायक कोण? वडील, दोन मुलगे आणि मुलगी. इथेच बहुतेक जण थांबतात आणि आईला विसरतात. पत्नी स्वतः सहदायक नसते, तिला वाटणी मागता येत नाही. पण आपल्याकडच्या मुंबई परंपरेच्या मिताक्षरा, म्हणजे परंपरागत हिंदू, कायद्यात पती आणि मुलांमध्ये वाटणी झाली की तिला मुलाइतका वाटा मिळतो. काल्पनिक वाटणीतही तो धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गुरुपाद मगदूम प्रकरणात सांगितले. म्हणजे पाच वाटे: वडील ४०, आई ४०, थोरला ४०, धाकटा ४०, बहीण ४० गुंठे.

दुसऱ्या पायरीत वडिलांच्या ४० गुंठ्यांचे त्यांच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत, म्हणजे पत्नी आणि तीन मुलांत, समान चार भाग होतात: प्रत्येकी १०. म्हणून शेवटी प्रत्येकाला ५० गुंठे.

आईला पहिल्या पायरीत वगळले तर काय होते ते पाहा. चार वाटे पडतात, प्रत्येकी ५०. वडिलांचे ५० चार वारसांत वाटले की प्रत्येकी साडेबारा. मुलांना साडेबासष्ट गुंठे आणि आईला फक्त साडेबारा. एका चुकीच्या गृहीतकाने आईचे साडेसदतीस गुंठे जातात. अशा हिशेबाची वाटणीपत्रे मी पाहिली आहेत. आई अंगठा देऊन मोकळी झालेली असते, आणि पुढे औषधाच्या पैशासाठी मुलांच्या तोंडाकडे बघते. म्हणून सांगतो, आकडेमोड करताना पहिले नाव आईचे लिहा.

हीच जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असती तर पहिली पायरी लागलीच नसती. सगळे २०० गुंठे थेट चौघांत, प्रत्येकी ५०. आकडा तोच आला, पण प्रत्येक घरात तो तसाच येईल असे नाही. वडिलांची आई, म्हणजे आजी, हयात असेल तर तीही पहिल्या वर्गाची वारस आहे. स्वकष्टार्जित जमिनीचे मग पाच भाग होतात, प्रत्येकी ४०. आजीला वगळून झालेल्या वारस नोंदी अनेक आहेत, कारण "म्हातारीला काय करायचंय" असे कोणीतरी म्हणते. काका आणि पुतणे मात्र पहिल्या वर्गात येत नाहीत. पत्नी, मुले, आई यांपैकी कोणीही असेल तर वडिलांच्या वाट्यात त्यांना काही नाही.

एखादा मुलगा किंवा मुलगी वडिलांच्या आधी वारली असेल तर तिची शाखा गळत नाही. आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुले, तसेच आधी वारलेल्या मुलीची मुले, वडिलांच्या वाट्यात त्या शाखेचा एक भाग घेतात. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: मुलगा वारला तर त्याच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची आईही असते. सासू-सुनेत इथूनच वाद उभा राहतो, तेव्हा तो हिशेब आधीच मोकळेपणाने मांडलेला बरा.

१९८८ साली लग्न झालेली बहीण

"तिचं लग्न ९४ च्या आधी झालंय, तिला हक्क नाही." हे वाक्य हवेतून आलेले नाही. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलीला सहदायक केले, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. लोकांच्या डोक्यात तीच तारीख बसली आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिच्यात लग्नाची अट नाही. मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायक.

त्यानंतर दुसरा वाद निघाला: २००५ साली वडील हयात हवेत का? ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला. हक्क जन्माने मिळतो, म्हणून वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. अपवाद एकच महत्त्वाचा आहे: २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने खरोखर वाटणी झाली असेल, किंवा त्याआधी जमीन रीतसर विकली गेली असेल, तर ती उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी ८५ सालीच झाली" हा बचाव आता सहज चालत नाही. त्या काळापासून स्वतंत्र सातबारे, वेगवेगळा सारा, वेगळी पीक पाहणी असा सरकारी कागदांचा भक्कम पुरावा असेल तरच कोर्ट त्याकडे बघते.

आपल्या उदाहरणातल्या बहिणीला म्हणून पूर्ण ५० गुंठे. लग्नात दिलेले दागिने किंवा खर्च त्यातून वजा होत नाही.

वारस नोंद: चावडीवरचे काम

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसांनी वर्दी द्यायची असते. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात तलाठीच म्हणतात. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, फक्त काम लांबते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, वारसांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, आणि सगळ्या वारसांची नावे, वये, नाते लिहिलेले प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र लागते. ऑनलाइन अर्ज ई-हक्क प्रणालीत `pdeigr.maharashtra.gov.in` वर करता येतो, आणि डिजिटल सहीचा सातबारा `digitalsatbara.mahabhumi.gov.in` वर मिळतो.

या प्रतिज्ञापत्रात सगळे ठरते. जो भाऊ ते करतो तो बहिणीचे नाव लिहितो की नाही, आईचे लिहितो की नाही, यावर पुढची वीस वर्षे अवलंबून असतात. म्हणून ते एकट्याला करू देऊ नका, सगळ्यांनी मिळून सह्या करा. एखाद्याने वारसाचे नाव जाणूनबुजून लपवले तर खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल त्याच्यावर फौजदारी कारवाईही होऊ शकते.

अर्ज आल्यावर तलाठी गावात चौकशी करून वारसांची नावे गाव नमुना ६क, म्हणजे वारस रजिस्टरमध्ये घेतो. मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि ती चावडीवर लागते. हरकतीसाठी १५ दिवस असतात. परगावी असलेल्या बहिणीला ही नोटीस पोचतेच असे नाही. तिने स्वतः 'आपली चावडी' या संकेतस्थळावर आपल्या गावाच्या फेरफार नोटिसा बघत राहावे. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. नोंद चुकीची मंजूर झाली तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करायचे. उशीर का झाला याचे कारण पटले तर तो माफही होतो.

जुन्या सातबाऱ्यावर दोन गोष्टी जरूर शोधा. एक, थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिलेले. एकत्र कुटुंब मॅनेजर हा त्याचा अर्थ. तो एकटा मालक नाही, सगळ्यांच्या वतीने नाव लागले आहे, आणि बाकीची नावे त्या वेळच्या वारस नोंदीच्या फेरफारात सापडतात. दुसरी, 'इतर हक्क' या रकान्यात ठेवलेली बहिणींची नावे. कित्येक वर्षे बहिणींना मुख्य रकान्यात न घेता बाजूला बसवण्याचा प्रघात होता. ती नावे तिथे असणे हाच त्या वारस असल्याचा कागदोपत्री पुरावा आहे. ती कमी करायचा फेरफार कोणी मागितला तर लगेच हरकत घ्यावी.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा. वारस नोंद म्हणजे मालकी ठरवणारा निकाल नव्हे. ती सारा कोणाकडून घ्यायचा याची महसुली नोंद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. नाव लागले म्हणून हक्क निर्माण होत नाही आणि नाव राहिले म्हणून तो जातही नाही. तरीही नाव लावून घ्या, कारण कर्ज, पीक विमा, भूसंपादनाचा मोबदला हे सगळे नाव पाहून चालते, आणि नाव नसलेल्या वारसाला विक्री झाल्याचे कळते ते खूप उशिरा.

हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

वारस नोंद होत असतानाच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. तिने ते मनापासून दिले तर तिच्या इच्छेचा मान राखावा. पण सही करण्याआधी तिला कळले पाहिजे की ती ५० गुंठे सोडत आहे, "सातबाऱ्याच्या कामासाठी सही" देत नाही.

कायद्याने चालणारे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. मुद्रांकाच्या कागदावर लिहून नोटरी केलेले पत्र, किंवा तलाठ्यापुढे दिलेला "मला हिस्सा नको" हा जबाब, यांनी मालकी जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत भाऊ, बहीण, आई अशा जवळच्यांच्या लाभात हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते. ते २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने ते ५०० केले. पत्रात गट क्रमांक, क्षेत्र, सोडलेला वाटा आणि कोणाच्या लाभात सोडला हे स्पष्ट असावे. "माझा सर्व मिळकतींतील हक्क" असे मोघम लिहिले तर तिला माहीतही नसलेला प्लॉट त्यात जातो.

वडील हयात असताना त्यांच्या स्वतःच्या मिळकतीतला पुढे मिळू शकणारा वारसा सोडल्याचे कागद निरर्थक असतात, कारण जो हक्क अजून जन्मलेलाच नाही तो सोडता येत नाही. अज्ञान मुलाचा वारसाने आलेला वाटा आईने कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडला असेल, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो दस्त रद्द करून मागू शकते. फसवून सही घेतली असेल तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो. ही मुदत बघता बघता निघून जाते.

वाटणी

नावे लागली तरी बांध पडलेले नसतात. चौघांची नावे असलेल्या सातबाऱ्यात प्रत्येक गुंठ्यात चौघांचा हक्क असतो. विहिरीकडचा तुकडा "माझा" म्हणता येत नाही.

सगळे राजी असतील तर दोन सोपे रस्ते आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे सगळ्यांनी मिळून अर्ज करायचा, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करायचे. दोन्हींत कच्चा नकाशा जोडा आणि चतुःसीमा लिहा. विहीर, विजेची मोटार, पाइपलाइन आणि शेताकडे जाणारी वाट यांचा उल्लेख वेगळा करा. कोर्टात येणाऱ्या निम्म्या वाटण्या क्षेत्रावरून नाही तर पाण्याच्या पाळीवरून आणि वाटेवरून तुटलेल्या असतात. त्यानंतर भूमी अभिलेख खात्याकडे पोटहिश्श्याची मोजणी करून घ्यावी. तुकडेबंदीचा नियमही लक्षात ठेवा. २०२३ पासून जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे चालणारा सर्वांत लहान तुकडा, धरले जाते. आपल्या उदाहरणात ५०-५० गुंठे पडतात म्हणून अडचण नाही. जिथे वाटे त्याखाली जातात तिथे जमीन एकाने घेऊन बाकीच्यांना पैसे देणे अधिक शहाणपणाचे.

कोणी राजी नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा. महाराष्ट्रात स्त्रियांना मालमत्तेच्या दाव्यात कोर्ट फी माफ आहे, हे बहिणींना कोणी सांगत नाही. दाव्यात सगळ्या सहहिस्सेदारांना आणि सगळ्या मिळकतींना आणावे लागते; एक गट विसरला तरी प्रतिवादी त्यावर बोट ठेवतो. कोर्ट आधी वाटे ठरवते, आणि शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी हुकूमनाम्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. दाव्यासोबतच जमीन विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज करा. आपल्याला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळले आहे हे कळल्यापासून १२ वर्षांची मुदत आहे. "तुझा काही संबंध नाही" असे भावाने ज्या दिवशी स्पष्ट सांगितले, तो दिवस पुढे साक्षीत विचारला जातो. तशी पत्रे आणि मेसेज जपून ठेवा.

वारसांपैकी एकाला आपला वारशाने आलेला वाटा विकायचा असेल, तर वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे इतर पहिल्या वर्गाच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. किमतीवर एकमत झाले नाही तर कोर्ट ती ठरवते. परक्याला विकण्याआधी भावंडांना लेखी विचारा, पोच घ्या, आणि उत्तरासाठी वाजवी वेळ द्या.